मॅकचा स्क्रीनशॉट दुसरीकडे फिका का पडतो?

प्रश्न: मॅकबुक प्रोवर आमच्या वेबसाइटचा स्क्रीनशॉट काढून ऑफिसातल्या विंडोज मशीनवर पाठवला. बटणाचा केशरी रंग आम्ही #FF6600 दिला आहे, पण तिकडे तो मळकट दिसतो आणि ड्रॉपरने मोजला तर #ED702D येतो. माझ्या स्क्रीनवर मात्र सगळं ठीक दिसतं. स्क्रीनशॉट नक्की कुठे बिघडतो?

उत्तर:

स्क्रीनशॉट बिघडलेला नाही. त्यातले आकडे तुमच्या स्क्रीनच्या मापात लिहिलेले आहेत आणि ते माप कुठलं, हे सांगणारी चिठ्ठी फाइलच्या आतच आहे. पलीकडच्या मशीनने ती चिठ्ठी वाचली नाही किंवा वाटेत कुणीतरी ती काढून टाकली. या चिठ्ठीला कलर प्रोफाइल म्हणतात. तुम्ही मोजलेला #ED702D हा आकडा तर इतका नेमका आहे की, काय घडलं ते त्यावरूनच सांगता येतं.

आपल्याकडे सराफ आज दहा ग्रॅमला तोळा म्हणतो आणि आजीच्या काळचा तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. जुन्या यादीत ‘पाटल्या, चार तोळे’ असं लिहिलेलं असेल आणि ती यादी कुठल्या काळातली हे माहीत नसेल, तर वजन चुकणारच. आकडा खोटा नसतो, माप वेगळं असतं. रंगाच्या तीन आकड्यांचं अगदी असंच आहे. ‘लाल २५५’ म्हणजे ‘या स्क्रीनला जमेल तेवढा पूर्ण लाल’, एवढाच त्याचा अर्थ. तो लाल प्रत्यक्षात किती गडद, हे स्क्रीनवर ठरतं.

वेबवर कुठलंच माप सांगितलेलं नसेल तर एसआरजीबी धरायचं, असा संकेत आहे. तुमच्या सीएसएसमधला #FF6600 म्हणजे एसआरजीबीच्या मापात लाल २५५, हिरवा १०२, निळा ०. मॅकबुक प्रोचा पडदा मात्र २०१६ च्या मॉडेलपासून यापेक्षा मोठ्या आवाक्याचा, पी-३ घराण्यातला आहे. त्याचा पूर्ण लाल आणि पूर्ण हिरवा एसआरजीबीपेक्षा बराच चढा आहे. तुमचे २५५, १०२, ० हे आकडे जसेच्या तसे त्या पडद्याला दिले, तर बटण डोळ्यात खुपेल इतकं भडक दिसेल. म्हणून मॅक मध्ये पडतो. ब्राउझरने सांगितलेला एसआरजीबीतला केशरी आपल्या पडद्यावर नेमका तसाच दिसायला कोणते आकडे पाठवावे लागतील, याचा हिशोब तो करतो आणि पडद्याकडे साधारण २३७, ११२, ४५ पाठवतो. लाल थोडा उतरवला, कारण या पडद्याचा लाल मुळात जास्त चढा आहे. थोडा हिरवा आणि निळा मिसळला, म्हणजे रंगाचा भडकपणा कमी झाला. डोळ्याला जे दिसतं ते बरोबर तुमचं #FF6600 असतं.

आता २३७, ११२, ४५ हे सोळा पायाच्या पद्धतीत लिहा: ED, 70, 2D. तुमच्या सहकाऱ्याच्या ड्रॉपरने वाचलं ते हेच.

कमांड-शिफ्ट-४ दाबता तेव्हा मॅक हा हिशोब होऊन गेल्यानंतरचं चित्र उचलतो, म्हणजे पडद्याकडे निघालेले आकडे. ते पीएनजी फाइलमध्ये लिहितो आणि सोबत त्या पडद्याची प्रोफाइल जोडतो. अंगच्या पडद्यासाठी तिचं नाव बहुतेकदा `Color LCD` असतं, बाहेरचा मॉनिटर असेल तर त्याच्या मॉडेलचं नाव दिसतं. स्वतः बघायचं असेल तर टर्मिनल उघडून स्क्रीनशॉट जिथे आहे त्या फोल्डरमध्ये जा आणि हे चालवा:

```
sips -g profile shot.png
```

उत्तरात `profile: Color LCD` असं काहीतरी येईल. तेच आपल्या विषयाचं मूळ.

इथे एक शंका हमखास येते. मॅक थेट एसआरजीबीतच फाइल का देत नाही? मला विचाराल तर मॅकचं बरोबर आहे. स्क्रीनवर आयफोनने काढलेला फोटो उघडा असेल, तर त्यात एसआरजीबीत मावत नाहीत असे रंग असू शकतात. झेंडूचा भर उन्हातला केशरी किंवा गुलालाने माखलेला चेहरा डोळ्यांसमोर आणा. एसआरजीबीत बसवायचे म्हटलं की हे रंग काठावर छाटले जातात आणि एकदा छाटलेलं परत मिळत नाही. पडद्याचे आकडे आणि पडद्याची प्रोफाइल अशी जोडी ठेवली की काहीच गमावत नाही, पुढे हवं त्या मापात नेता येतं. अट एकच, जोडी फुटता कामा नये.

आणि ती फुटते दोन प्रकारे. दोन्हींवरचा इलाज वेगळा आहे, म्हणून आधी आपलं कुठलं ते ओळखा.

पहिल्यात फाइल शाबूत पोचते, पण उघडणारा प्रोग्रॅम प्रोफाइलकडे बघतच नाही. विंडोजमध्ये रंगांचा हिशोब बहुतांशी ज्याने त्याने आपापला करायचा असतो. फोटोशॉप तो करतं, आजचे मोठे ब्राउझर प्रोफाइल जोडलेल्या चित्रांसाठी करतात, पण चित्र बघायचे कितीतरी साधे प्रोग्रॅम २३७, ११२, ४५ वाचतात आणि तसेच पडद्याकडे ढकलतात. तिथला पडदा एसआरजीबीच्या आसपासचा असल्यामुळे पी-३ साठी मुद्दाम उतरवलेले आकडे तिथे फिके पडतात. दुसऱ्या प्रकारात प्रोफाइल वाटेतच गळते. चित्राचा आकार कमी करणारी साधनं ती ‘अनावश्यक माहिती’ समजून खुशाल काढतात. वेबसाइटवर अपलोड करताना सर्व्हर चित्र नव्याने बनवतो, त्यातही ती जाऊ शकते. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलं की चित्र नव्याने आवळलं जातं, म्हणून तपासणीसाठी फाइल पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा, ती जशीच्या तशी जाते.

ओळखायची रीत अशी. सहकाऱ्याला सांगा, मिळालेली फाइल विंडोजवरच क्रोममध्ये ओढून टाक. तिथे केशरी नीट दिसला, तर फाइल शाबूत आहे आणि दोष आधीच्या प्रोग्रॅमचा. तिथेही फिकाच दिसला, तर ती फाइल डॉक्युमेंट म्हणून परत मागवा आणि मॅकवर वरची आज्ञा चालवा. प्रोफाइलच्या जागी `<nil>` आलं, म्हणजे चिठ्ठी वाटेत गळाली. मॅकवरही ती फाइल आता फिकी दिसेल, कारण चिठ्ठी नसलेलं चित्र मॅकसुद्धा एसआरजीबी धरूनच वाचतो.

दुसरी खूण करड्या रंगाची. मी कुठलीही तक्रार आली की आधी करडा बघतो. पी-३ पडद्याचा पांढरा बिंदू आणि अंधार-उजेडाची चढण ही दोन्ही एसआरजीबीसारखीच ठेवलेली आहेत, वेगळे आहेत ते फक्त टोकाचे लाल आणि हिरवा. त्यामुळे या हिशोबात पांढरा पांढराच राहतो आणि मधला करडा १२८, १२८, १२८ जवळपास तसाच राहतो. पानाची पार्श्वभूमी, काळा मजकूर, करड्या रेघा जागच्या जागी आणि फक्त केशरी, लाल, हिरवे फिके, असं असेल तर दोष प्रोफाइलचा, शंका नको. करडाच पिवळट किंवा निळसर झाला असेल, सावल्या जास्त काळ्या झाल्या असतील, तर दोघांपैकी एका मॉनिटरचं कॅलिब्रेशन बघा. नाहीतर स्क्रीनशॉट अशा बाहेरच्या मॉनिटरवर काढलेला असेल ज्याची प्रोफाइल स्वतःच वेगळ्या पांढऱ्याची आहे.

आता इलाज. पाठवण्याआधी फाइल एसआरजीबीत रूपांतरित करायची. रूपांतर हा शब्द नीट लक्षात ठेवा, कारण याच्या शेजारी दुसरा एक शब्द बसलेला असतो आणि लोक तोच दाबतात. रूपांतर म्हणजे रंग तोच ठेवून आकडे बदलणं: २३७, ११२, ४५ चे पुन्हा २५५, १०२, ० करणं आणि चिठ्ठीही एसआरजीबीची लावणं. प्रोफाइल नेमून देणं म्हणजे आकडे तेच ठेवून नुसती चिठ्ठी बदलणं. फोटोशॉपमध्ये पहिल्याला `Convert to Profile` म्हणतात, दुसऱ्याला `Assign Profile`. मॅकच्या प्रिव्ह्यूमध्ये `Tools` खाली `Assign Profile` आहे आणि पुष्कळ जण तिथे जाऊन `sRGB` निवडतात. त्या क्षणी चित्र मॅकवरही फिकं होतं, कारण जुन्या तोळ्यातली यादी आता दहा ग्रॅमच्या तोळ्याची म्हणून वाचली जाते. मग ‘मॅकवर आणि विंडोजवर आता सारखं दिसतं’ असं समाधान होतं. सारखं दिसतं हे खरं, पण दोन्हीकडे सारखंच चूक.

रूपांतर करायला मॅकसोबत मिळणारं साधन पुरतं:

```
mkdir -p ~/Desktop/srgb
sips --matchTo "/System/Library/ColorSync/Profiles/sRGB Profile.icc" \
  shot.png --out ~/Desktop/srgb/
```

`--matchTo` हेच रूपांतर. `--out` दिल्यामुळे मूळ फाइलला धक्का लागत नाही, नवी प्रत `srgb` फोल्डरात पडते. टर्मिनल नको असेल तर `ColorSync Utility` मध्ये चित्र उघडा, खालच्या पट्टीत `Match to Profile` निवडा, एसआरजीबी घ्या आणि लागू करून जतन करा. शेजारीच तिथेही `Assign Profile` आहे, त्याला हात लावू नका.

झालं की ड्रॉपरने मोजा. २५५, १०२, ० अगदी काटेकोर आलं नाही, एखादा आकडा एक-दोनने इकडेतिकडे झाला, तर घाबरू नका. प्रत्येक आकडा ० ते २५५ मधल्या पूर्णांकातच बसवावा लागतो, एसआरजीबीतून पडद्यात आणि पडद्यातून परत असा दोनदा पूर्णांक करताना एवढी घासाघीस होतेच. शिवाय तुमची `Color LCD` ही त्या एका पडद्यासाठी मोजलेली प्रोफाइल असते, छापील पी-३ शी ती तंतोतंत जुळेलच असं नाही. डोळ्याला हा फरक कळत नाही. पण स्वयंचलित तपासणीत दोन मशीनचे स्क्रीनशॉट पिक्सेलला पिक्सेल ताडून बघत असाल, तर थोडी सूट ठेवावीच लागते.

रूपांतरित फाइलचा खरा फायदा असा की, वाटेत चिठ्ठी गळाली तरी बिघडत नाही. चिठ्ठी नसली की सगळे एसआरजीबीच धरतात आणि आकडे आता एसआरजीबीचेच आहेत. म्हणून बाहेर जाणारा प्रत्येक स्क्रीनशॉट मी रूपांतरित करूनच देतो, मूळ मात्र जपून ठेवतो.

मूळ जपण्याची सवय मला एका कामाने लागली. एका कंपनीच्या सॉफ्टवेअरची वापरपुस्तिका करत होतो, त्यात साठेक स्क्रीनशॉट. फाइली फार जड होतात म्हणून कामातल्या एकाने त्या सगळ्या आकार कमी करणाऱ्या साधनातून काढल्या आणि मूळ पुसून टाकल्या. प्रूफ आलं तेव्हा हिरवी बटणं शेवाळी झालेली, आणि आम्ही दोन दिवस छपाईच्या शाईला दोष देत बसलो. नंतर करड्या रेघांकडे लक्ष गेलं, त्या चोख होत्या. फाइली तपासल्या तर एकीलाही प्रोफाइल नव्हती. आकडे मात्र कुणी बदललेले नव्हते आणि त्यामुळेच आम्ही वाचलो. ज्या लॅपटॉपवर ते चित्रण झालं होतं, त्यावर त्याच सेटिंगमध्ये एक नवा स्क्रीनशॉट काढला, त्याची प्रोफाइल उचलली, गळालेल्या फाइलींना ती परत लावली आणि मग एसआरजीबीत रूपांतर केलं:

```
sips --extractProfile lcd.icc new.png
sips --embedProfile lcd.icc lost.png
sips --matchTo "/System/Library/ColorSync/Profiles/sRGB Profile.icc" \
  lost.png --out fixed.png
```

प्रोफाइल नेमून देणं योग्य ठरतं ते इथेच: आकडे कुठल्या मापातले हे तुम्हाला पक्कं माहीत आहे, फक्त चिठ्ठी हरवली आहे. तो लॅपटॉप हाताशी नसेल, पण चित्रण मॅकबुकच्या अंगच्या पी-३ पडद्यावर झालं हे ठाऊक असेल, तर `/System/Library/ColorSync/Profiles/Display P3.icc` लावूनही पुरेसं जवळ जाता येतं.

तुमच्या प्रश्नात आणखी एक धोका दडलेला आहे. सहकाऱ्याने ड्रॉपरने #ED702D उचलला. समजा हाच ‘आपला केशरी’ म्हणून त्याने पुढच्या पानाच्या सीएसएसमध्ये टाकला. आता एसआरजीबीतला #ED702D तुमच्या पडद्यावर दाखवायला मॅक पुन्हा हिशोब करणार आणि पडद्याकडे साधारण २२१, ११९, ६३ पाठवणार. कुणी त्याचा स्क्रीनशॉट काढला, प्रोफाइल गळाली, पुन्हा ड्रॉपर लावला, तर #DD773F हाती येतो. #FF6600 शेजारी तो ठेवून बघा, दोन फेऱ्यांत केशरीची वीट झालेली दिसेल. ब्रँडचे रंग वर्षभरात हळूहळू उतरत जातात आणि कुणालाच कळत नाही, त्यामागे अनेकदा हीच साखळी असते. स्क्रीनशॉटवरून रंग उचलायचाच असेल, तर आधी रूपांतर करा, किंवा मॅकवरच `Digital Color Meter` उघडून वरच्या यादीत `Display in sRGB` निवडा आणि बटणावर बाण न्या. तिथे २५५, १०२, ० च्या अगदी जवळचा आकडा दिसेल. त्याच यादीत `Display native values` निवडलं, तर २३७, ११२, ४५ च्या आसपास. एकच बटण, एकाच क्षणी, दोन्ही आकडे खरे. हा प्रयोग एकदा करून बघाच, वरचं सगळं डोळ्यांसमोर उभं राहतं.

आता एका सल्ल्याबद्दल, जो तुम्हाला कुणीतरी नक्की देईल: ‘सिस्टीम सेटिंग्जमध्ये डिस्प्लेची कलर प्रोफाइलच एसआरजीबी करून टाक, कटकट मिटेल.’ स्क्रीनशॉटपुरती ती खरोखर मिटते. पडदा एसआरजीबीचा आहे असं सांगितल्यावर मॅक हिशोब करणंच थांबवतो, २५५, १०२, ० तसेच पडद्याकडे जातात आणि फाइलमध्येही तेच उतरतात. पण पडदा खरा तर पी-३ चाच आहे. तो ते आकडे स्वतःच्या मापात दाखवतो आणि सगळं काही भडकतं, फोटोतले चेहरे तांबूस होतात. त्या स्क्रीनकडे बघून तुम्ही रंग ठरवू लागलात, तर डोळ्याला शांत वाटेपर्यंत ते उतरवत जाल आणि बाकीच्या जगाला फिकं डिझाइन मिळेल. मापाचा दोष काढायला गेलो आणि तराजूच बिघडवला, असं होतं. प्रोफाइल पडद्याचीच राहू द्या, रूपांतर फाइलचं करा.

एवढं करूनही काही फरक उरतील आणि त्यांना स्क्रीनशॉट जबाबदार नाही. ऑफिसातल्या स्वस्त लॅपटॉपचे पडदे कितीदा एसआरजीबीसुद्धा पूर्ण दाखवू शकत नाहीत. तिथे बरोबर आकड्यांचा केशरीही मवाळच दिसणार. अशा वेळी त्याच मशीनवर ब्राउझरमध्ये वेबसाइट उघडा आणि शेजारी स्क्रीनशॉट ठेवा. दोन्ही सारखे दिसले, तर तुमची फाइल चोख आहे आणि उरलेला फरक त्या पडद्याचा. तुमच्या बाजूला नाइट शिफ्ट किंवा ट्रू टोन चालू असेल, तर तुम्ही स्वतः जे बघताय त्यात उबदार छटा मिसळलेली असते, पण ती स्क्रीनशॉटमध्ये उतरत नाही. तुलना करताना दोन्ही बंद ठेवा.

आणि स्क्रीनशॉटमध्ये पी-३ फोटो असेल तर रूपांतरात त्याचे सगळ्यात चढे रंग छाटले जाणार, हे धरून चाला. झेंडूच्या ढिगातल्या पाकळ्यांमधले बारकावे एका सपाट केशरीत मिसळलेले दिसले, तर समजा तेच झालं. तेवढ्या एका चित्रासाठी मूळ फाइल प्रोफाइलसकट द्या आणि घेणाऱ्याला ती रंगांचा हिशोब करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडायला सांगा. तुमच्या बटणाला ही अडचण नाही, #FF6600 मुळातच एसआरजीबीतला रंग आहे, तो पूर्ण परत येतो.